लांब धड्याचा नकाशा आणि कार्डं : दोन भाषांतला स्वयंअभ्यास

आजचा विषय तसा घरगुती आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी अकरावी सायन्सला जाते आणि तिच्या हातात जीवशास्त्राचं इंग्रजी पुस्तक पडतं. विषय तिला नवा नाही. प्रकाशसंश्लेषण तिनं शाळेत केलंय, हरितद्रव्य माहीत आहे, पर्णरंध्रं माहीत आहेत. पण पान उघडलं की दर ओळीत चार शब्द अडतात. मग ती काय करते? डिक्शनरी घेऊन बसते आणि प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहीत जाते. दोन तासांत तीन पानं होतात. पान काळं होतं, आणि शेवटी विचारलं की बाई, या तीन पानांत सांगितलंय काय, तर ते काही सांगता येत नाही. शब्द कळले, धडा कळला नाही.

हे मी दरवर्षी बघते. म्हणून आज एकच धडा घेऊन, त्याचा नकाशा कसा करायचा आणि त्या नकाशातून कार्डं कशी काढायची, हे सावकाश बघू. नकाशा म्हणजे माइंड मॅप आणि कार्डं म्हणजे फ्लॅशकार्ड. धडा आहे एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्रातला, ‘फोटोसिंथेसिस इन हायर प्लँट्स’. वीसेक पानं, दहा उपविभाग. नीटची तयारी करणाऱ्यांना तो चुकत नाही. आता कोणी म्हणेल, नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, मग इंग्रजीची एवढी काळजी कशाला? मिळते, खरं आहे. पण भाषांतरात फरक निघाला तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात, आणि पुढे वैद्यकीय महाविद्यालयातली पुस्तकं बहुतेक इंग्रजीतच असतात. दुसऱ्या बाजूनं, नुसतं इंग्रजी पाठ केलं तर समज कच्ची राहते. तेव्हा दोन्ही भाषा लागणारच. प्रश्न एवढाच की कोणत्या भाषेला कोणतं काम द्यायचं.

आधी धड्याचे तुकडे. वाचायला बसायच्या आधी वीस मिनिटं नुसती पानं उलटायची. उपविभागांची शीर्षकं, आकृत्या आणि धड्याच्या शेवटचे प्रश्न, एवढंच बघायचं. या धड्याचे माझे पाच तुकडे होतात. पहिला, हे सगळं कुठे घडतं : पान, हरितलवक, रंगद्रव्यं. दुसरा, प्रकाशात घडणारा भाग. तिसरा, साखर बनवणारं चक्र, म्हणजे कॅल्विन चक्र. चौथा, ऊस आणि मक्याची वेगळी वाट, आणि सोबत प्रकाशश्वसन. पाचवा, वेग कशावर अवलंबून असतो. पुस्तकात सुरुवातीलाच जुने प्रयोग येतात, प्रीस्टली वगैरे. ते मी मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवते. कारण व्हॅन नील यांचा जो युक्तिवाद आहे, की गंधकाच्या जिवाणूंमध्ये ऑक्सिजनऐवजी गंधक बाहेर पडतं, म्हणजे हिरव्या वनस्पतींचा ऑक्सिजन पाण्यातून येत असणार, तो मागचं सगळं समजल्यावर दोन मिनिटांत कळतो. आधी वाचला तर नुसती नावं आणि सनावळी उरते. पुस्तकाचा क्रम हा पुस्तकाच्या सोयीचा असतो, तो मोडायला काही हरकत नाही.

एका तुकड्यात चार-पाच पानं असावीत, जास्त नकोत. ती वाचताना हायलायटर बाजूला ठेवा. एखादा शब्द अडला आणि त्यावाचून वाक्य कळत नसेल, तरच डिक्शनरी. नसता पुढे जायचं. पहिल्या वाचनात निम्मं कळलं तरी चालतं, दुसऱ्या वाचनात बरंच जागेवर पडतं.

आता महत्त्वाची पायरी. दुसरं वाचन झालं की पुस्तक मिटायचं. मिटून दुसऱ्या खोलीत ठेवलंत तर आणखी चांगलं. समोर एक कोरा ए-फोर कागद आडवा घ्यायचा, पेन्सिल घ्यायची, आणि आठवेल तसा नकाशा काढायचा.

पुस्तक उघडं ठेवून काढलेला नकाशा दिसायला सुंदर होतो. रंगीत, नीटनेटका, भिंतीवर लावण्यासारखा. पण त्यात तुम्ही केलंय काय, तर पुस्तकातलं कागदावर हलवलंय. याबद्दल एक प्रसिद्ध अभ्यास आहे. अमेरिकेत परड्यू विद्यापीठात जेफ्री कार्पिकी आणि जेनेल ब्लंट यांनी २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो मांडला. एका गटानं विज्ञानाचा उतारा समोर ठेवून त्याचा संकल्पना-नकाशा काढला. दुसऱ्या गटानं उतारा वाचला, बाजूला ठेवला, आठवेल ते लिहिलं, पुन्हा वाचला, पुन्हा आठवून लिहिलं. आठवड्यानं परीक्षा घेतली, तर आठवणारा गट पुढे होता. मजा म्हणजे परीक्षा नकाशा काढायची होती तेव्हासुद्धा तोच पुढे होता. त्याच दोघांनी पुढे २०१४ मध्ये दाखवलं की उतारा समोर न ठेवता, आठवून नकाशा काढला तर तोही तितकाच उपयोगी पडतो. म्हणजे नकाशा वाईट नाही. बघून काढलेला नकाशा कमी पडतो.

तर मिटलेल्या पुस्तकाचा नकाशा. त्यात दोन गोष्टी असतात : गोष्टींची नावं, आणि त्यांना जोडणारे बाण. नावं गोलात लिहायची, ती इंग्रजीत, इंग्रजी स्पेलिंगसकट. कारण परीक्षेत ती तशीच येणार आहेत. आणि बाणावर मात्र मराठी क्रियापद लिहायचं. नुसता बाण चालणार नाही. ‘शोषतं’, ‘सोडतं’, ‘देतं’, ‘अडवतं’, ‘-चं बनतं’. बाणाला क्रियापद सुचत नसेल तर समजा की ते नातं तुम्हाला कळलेलं नाही, फक्त दोन शब्द एका पानावर शेजारी दिसले होते. आणि क्रियापद मराठीत का? कारण नातं आपण ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत आधी कळतं. नाव उसनं घेता येतं, क्रियापद उसनं घेतलं की समजल्याचा भास होतो.

एक खराखुरा नकाशा सांगते. माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीनं दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचा मिळून नकाशा काढला होता. कागदाच्या मधोमध दोन मोठे चौकोन. डावीकडे थायलाकॉइड, उजवीकडे स्ट्रोमा. हरितलवकाच्या आत पडद्यांच्या चकत्या असतात त्या थायलाकॉइड, आणि त्यांच्या भोवतीचा द्रव म्हणजे स्ट्रोमा. डाव्या चौकोनात प्रकाश आणि पाणी शिरताना दाखवलं होतं. डावीकडून उजवीकडे दोन बाण, एकावर एटीपी, दुसऱ्यावर एनएडीपीएच, आणि क्रियापद होतं ‘पुरवतं’. उजव्या चौकोनात कार्बन डायऑक्साइड शिरतो, साखर बाहेर पडते. आणि ऑक्सिजन? तोही उजव्या चौकोनातून बाहेर पडताना.

मग तिनं पुस्तक उघडलं आणि लाल पेन घेतलं. नकाशा खोडायचा नाही, फाडायचा नाही, लाल पेनानं त्यावरच दुरुस्त करायचा. तिच्या कागदावर तीन लाल खुणा झाल्या. पहिली, ऑक्सिजनचा बाण. तो डाव्या चौकोनातून निघायला हवा, कारण ऑक्सिजन पाणी फुटल्यामुळे सुटतो, कार्बन डायऑक्साइडमधून येत नाही. दुसरी, परतीचे बाण. एटीपी आणि एनएडीपीएच उजवीकडे वापरले गेले की एडीपी आणि एनएडीपी होऊन डावीकडे परत येतात, हे तिनं दाखवलंच नव्हतं. तिसरी खूण एका शब्दाची होती, तिच्याकडे थोड्या वेळानं येते.

परतीचे बाण नसले तर काय बिघडतं, हे लगेच तपासता येतं. नकाशाला विचारायचं : हा बाण कापला तर? प्रकाश बंद केला. डावीकडे एटीपी बनेना. उजवीकडचं चक्र थोड्या वेळात थांबतं, त्याला ‘डार्क रिॲक्शन’ म्हणत असले तरी. आता उलट, प्रकाश चालू आहे पण कार्बन डायऑक्साइड नाही. उजवीकडे एनएडीपीएच वापरला जात नाही, मग रिकामा एनएडीपी परत येत नाही, आणि डावीकडचं कामही तुंबतं. परतीचा बाण नसलेल्या नकाशावरून हे दुसरं उत्तर देताच येत नाही. ‘बाण कापून बघणं’ ही माझ्या मते नकाशाची सगळ्यात चांगली परीक्षा आहे.

आता कार्डं. बहुतेक मुलं काय करतात, धडा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कार्डांवर उतरवून काढतात. दोनशे कार्डं होतात, चार दिवस उत्साहानं बघतात, पाचव्या दिवशी रबर लावून कपाटात. मी सांगते, कार्डं धड्यातून बनवायचीच नाहीत. लाल शाईतून बनवायची. जिथे चुकलात, जिथे विसरलात, जिथे क्रियापद सुचलं नाही, तेवढ्याचंच कार्ड. जे पेन्सिलीनं बरोबर आलं ते तुम्हाला येतं, त्याचं कार्ड कशाला? या हिशेबानं एका तुकड्याची दहा ते पंधरा कार्डं होतात, अख्ख्या धड्याची साठ-सत्तर. एवढी सांभाळता येतात.

ऑक्सिजनच्या लाल खुणेचं कार्ड बघा. पुढच्या बाजूला मराठीत : ‘प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन कोणत्या रेणूतून येतो, आणि हरितलवकात कुठे?’ मागच्या बाजूला : ‘पाण्यातून, थायलाकॉइडमध्ये’, आणि त्याखाली एक छोटं इंग्रजी वाक्य, की ऑक्सिजन पाण्यातून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून नाही. एक प्रश्न, एक उत्तर. ‘प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?’ असं कार्ड नको. त्याच्या मागे अर्धं पान मजकूर येतो, निम्मं आठवतं, आणि मग ते बरोबर धरायचं की चूक हे ठरवता येत नाही. ‘हो की नाही’ छापाचंही कार्ड नको, त्यात अंदाजानं निम्मी बरोबर येतात.

आणि ज्याचा हिशेब करता येतो त्याचं कार्ड करू नका. एका कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला चक्रातून फिरवायला तीन एटीपी आणि दोन एनएडीपीएच लागतात, याचं कार्ड करा. एका ग्लुकोजला अठरा आणि बारा, याचं नको. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन, म्हणून सहापट, झालं.

आता दोन भाषांचा खरा घोळ, आणि तिसरी लाल खूण. कॅल्विन चक्राच्या तीन पायऱ्या पुस्तकात दिल्या आहेत : कार्बोक्सिलेशन, रिडक्शन, रीजनरेशन. तिनं रिडक्शनच्या बाणावर मराठीत लिहिलं होतं ‘कमी होतं’. डिक्शनरीत तसंच आहे ना! रिड्यूस म्हणजे कमी करणे. पण रसायनशास्त्रातलं रिडक्शन म्हणजे क्षपण. दहावीच्या पुस्तकात ‘ऑक्सिडीकरण आणि क्षपण’ तिनं केलं होतं, पण तो शब्द आणि हा शब्द एकच, हे तिच्या मनात कधी जोडलं गेलं नव्हतं. इथे काही कमी होत नाही, उलट एनएडीपीएचकडून हायड्रोजन मिळतो आणि साखरेकडे वाटचाल होते. ‘कमी होतं’ वाचून पुढचं सगळं उलटं वाटणार.

हे सापडलं कशामुळे? बाणावर मराठी क्रियापद लिहिल्यामुळे. नुसतं ‘रिडक्शन’ लिहिलं असतं तर कागद बिनचूक दिसला असता आणि चूक आत राहिली असती. अशा शब्दांना मी फसवे शब्द म्हणते, आणि त्यांची स्वतंत्र कार्डं करायला लावते. या धड्यात आणखी आहेत. ‘फिक्सेशन’ म्हणजे दुरुस्ती नव्हे, स्थिरीकरण, हवेतला कार्बन सेंद्रिय रेणूत बांधून टाकणं. ‘फॅक्टर’ गणितात अवयव असतो, इथे घटक. आणि मराठीतसुद्धा फसवे शब्द असतात बरं का. हरितलवक आणि हरितद्रव्य. एक जागा आहे, एक पदार्थ आहे. इंग्रजीतही क्लोरोप्लास्ट आणि क्लोरोफिल, दोन्ही तितकेच सारखे ऐकू येतात. मुलं काय करतात, हरितलवक बरोबर क्लोरोप्लास्ट, असं जोडीचं कार्ड करतात. ते तोंडपाठ होतं. मग विचारलं, की हिरवा रंग कशाचा, तर उत्तर येतं हरितलवकाचा. जोडी पाठ आहे, पण दोन्हीपैकी एकाही शब्दाला अर्थ चिकटलेला नाही. शब्दाला शब्द जोडणाऱ्या कार्डाचं हेच दुखणं आहे.

म्हणून शब्दाच्या कार्डाच्या पुढच्या बाजूला कधी नुसता शब्द लिहायचा नाही, वर्णन लिहायचं. ‘पेशीतली ती हिरवी कणिका, जिच्या आत थायलाकॉइडच्या चकत्या असतात.’ मागे दोन्ही नावं, इंग्रजी आणि मराठी. दुसरं कार्ड : ‘ते रंगद्रव्य, जे लाल आणि निळा प्रकाश शोषतं आणि म्हणून हिरवं दिसतं.’ मागे दोन्ही नावं. आता अर्थ मध्ये बसला आणि दोन भाषा त्याच्या दोन बाजूंना आल्या.

तिसरा प्रकार वाक्याच्या कार्डाचा. तो मी पहिल्या आठवड्यात करू देत नाही. आठवड्यानंतर त्याच तुकड्याचा नकाशा पुन्हा कोऱ्या कागदावर काढायचा, पुस्तक न बघता, आणि या वेळी बाणांवरची क्रियापदं इंग्रजीत लिहायची. शोषतं, सोडतं, पुरवतं, क्षपण होतं, या सगळ्यांना पुस्तकात कोणतं क्रियापद वापरलंय ते आता शोधायचं. जिथे अडतं तिथे वाक्याचं कार्ड : पुढे मराठीत प्रश्न, मागे एक इंग्रजी वाक्य, दहा-बारा शब्दांच्या आतलं, पुस्तकातलं नव्हे, स्वतः बनवलेलं. ते मोठ्यानं बोलायचं. परीक्षेत लिहिताना मराठी माध्यमाच्या मुलांना नावं आठवतात, अडतं ते क्रियापदाशी. एटीपी, एनएडीपीएच, सगळं लिहितात आणि मधे ‘इज’ टाकून मोकळे होतात.

कागदाची कार्डं नको असतील तर संगणकावर अँकी नावाचा मोफत प्रोग्राम आहे. साध्या मजकुराच्या फाइलमधून त्यात कार्डं घेता येतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायची, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन येतात. एका ओळीत एक कार्ड, पुढची आणि मागची बाजू अर्धविरामानं वेगळी :

```
#separator:Semicolon
हरितलवकातला द्रव, जिथे साखर बनते;stroma / स्ट्रोमा
Calvin cycle मध्ये reduction म्हणजे काय?;क्षपण (कमी होणे नव्हे)
ऑक्सिजन कोणत्या रेणूतून येतो?;पाणी. Oxygen comes from water.
```

उत्तरात आणखी अर्धविराम टाकू नका, नाहीतर प्रोग्रामला तिसरा रकाना वाटतो. आणि अँकीत `Basic (and reversed card)` असा एक प्रकार असतो, तो प्रत्येक कार्डाचं उलटं कार्डही आपोआप बनवतो. शब्दांना तो चालतो. प्रश्नाच्या कार्डांना वापरू नका. पुढे नुसतं ‘पाणी’ दिसलं तर त्याला उत्तर काय देणार?

कागदाच्या कार्डांसाठी जुनी खोक्यांची पद्धत पुरेशी आहे. सेबास्टियान लाइटनर नावाच्या जर्मन विज्ञान-पत्रकारानं १९७२ च्या पुस्तकात ती मांडली. आपल्याला तीन खोकी पुरतात, बुटांची चालतील. पहिलं रोज, दुसरं तीन दिवसांनी, तिसरं आठवड्यानं. बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की थेट पहिल्यात. उत्तर आधी मोठ्यानं बोलायचं आणि मगच कार्ड उलटायचं. उलटून ‘हो, हेच येणार होतं मला’ म्हणायचं, ही सगळ्यांची लाडकी चोरी आहे. मराठी आणि इंग्रजी कार्डं वेगळ्या गठ्ठ्यांत ठेवू नका, सगळी पिसून एकत्र. वेगळी ठेवली की आता इंग्रजी शब्द येणार हे आधीच माहीत असतं, आणि परीक्षेत तसं कोणी सांगत नाही.

एखादं कार्ड पाचव्यांदा चुकलं तर सहाव्यांदा पाठ करू नका. एकतर कार्ड वाईट लिहिलंय, एकात दोन प्रश्न आहेत. नाहीतर नकाशात त्या जागी भोक आहे. नकाशा काढा, तो बाण बघा. दुसरी धोक्याची खूण म्हणजे पहिला शब्द दिसताच उत्तर तोंडात येणं. तेव्हा तुम्ही कार्डाचा चेहरा ओळखताय, प्रश्न वाचतच नाही. प्रश्नाचे शब्द बदलून कार्ड नव्यानं लिहा.

नकाशा कुठे चालत नाही तेही सांगते. मधे एक विषय आणि चहूबाजूंनी फांद्या, ही जी पद्धत टोनी बुझान यांनी १९७४ पासून लोकप्रिय केली, ती चक्राला निकामी आहे. चक्राला फांद्या नसतात. कॅल्विन चक्र वर्तुळातच काढायचं, आणि प्रत्येक टप्प्यावर कार्बन मोजायचे. पाच कार्बनचे सहा रेणू, म्हणजे तीस. त्यात हवेतले सहा मिळाले, छत्तीस. ते तीन कार्बनच्या बारा रेणूंत वाटले गेले. त्यातले दोन साखरेसाठी बाहेर पडले, उरले दहा, म्हणजे पुन्हा तीस कार्बन, आणि त्यातून पाच कार्बनचे सहा रेणू परत तयार. हिशेब जुळला तर वर्तुळ बरोबर. चौथ्या तुकड्यालाही फांद्या नकोत, तिथे तक्ता करा : एका बाजूला गहू आणि भात, दुसऱ्या बाजूला ज्वारी, मका आणि ऊस. कार्बन पहिल्यांदा कोण पकडतं, पहिला स्थिर रेणू किती कार्बनचा, प्रकाशश्वसन होतं का, एवढे तीन रकाने पुष्कळ झाले. ‘प्रकाशश्वसन’ हाही फसवा शब्द आहे, श्वसन म्हटलं की आपल्याला ऊर्जा मिळते असं वाटतं. इथे एटीपी तयार होत नाही, खर्च होतो. आकृत्यांचंही कार्ड करू नका. हरितलवकाची आकृती हातानं, न बघता, नावांसकट तीनदा काढली की ती बसते.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : मॅडम, एका धड्याला या पद्धतीनं किती दिवस लागतात? कॉलेजात आठवड्यात धडा संपतो.

पाच तुकडे, रोज एक, प्रत्येकाला दीड तास धरा. अर्धा-पाऊण तास वाचन, वीस मिनिटं नकाशा, बाकी लाल पेन आणि कार्डं. कार्डांची उजळणी रोज दहा-पंधरा मिनिटं वेगळी. पाच दिवसांत होतं. पण दुसरा, इंग्रजी क्रियापदांचा नकाशा पुढच्या आठवड्यात पडतो, तेव्हा दोन धडे एकमेकांवर चढतात, हे खरं आहे. वेळ कमी असेल तर कार्डं कमी करा, नकाशा सोडू नका. आणि सगळ्या धड्यांना हे करायची गरज नाही. प्राण्यांच्या वर्गीकरणासारख्या धड्याला सरळ तक्ता पुरतो.

प्रश्न : माझा मुलगा सेमी-इंग्लिशचा आहे. त्याला विज्ञान पहिल्यापासून इंग्रजीत. त्यानं बाणांवर मराठी का लिहावं?

त्याला एकदा विचारून बघा, ‘रिड्यूस्ड’ म्हणजे इथे नक्की काय झालं, मराठीत सांग. सांगता आलं तर त्यानं थेट इंग्रजी क्रियापदं लिहावीत, काही अडत नाही. अडखळला तर पहिला नकाशा मराठी बाणांचा. सेमीच्या मुलांना बऱ्याचदा वाक्यं पाठ असतात आणि मराठी संज्ञा कानावर आलेल्या नसतात, त्यांना ‘क्षपण’ हा शब्द पाठ करायची सक्ती नको. त्यानं बाणावर ‘हायड्रोजन मिळतो’ लिहिलं तरी पुरे.

प्रश्न : एका वर्गात चार जणांनी मिळून कार्डं वाटून घेतली तर? प्रत्येकानं एक तुकडा.

कार्डं वाटून घेऊ नका, कारण लाल खुणा ज्याच्या त्याच्या असतात. तुमच्या मैत्रिणीची ऑक्सिजनची चूक तुम्ही केलेलीच नसेल. पण नकाशे जरूर अदलाबदल करा. दुसऱ्याचा नकाशा घ्यायचा, त्यातला एक बाण बोटानं झाकायचा आणि त्यालाच विचारायचं, हा नसता तर काय झालं असतं. चौघांनी अर्धा तास हे केलं की आणखी पाच-सहा लाल खुणा निघतात, आणि त्या ज्याच्या त्याच्या कागदावर जातात.